आठच्या पंगतीचा गोळाभात गरम कसा ठेवावा

नागपुरात जेवायला आठला बोलावलं तर लोक साडेआठला येतात, हे धरूनच स्वयंपाक करावा लागतो. पाटवडीचा रस्सा आणि गोळाभात असा बेत असेल तर रस्स्याची फारशी चिंता नसते, तो गॅसवर मंद आचेवर राहतो. खरी काळजी भाताची. म्हणून ओव्हन भातासाठी राखून ठेवावा.

लागणाऱ्या वस्तू: ओटीजी, स्टीलचा किंवा ओव्हनमध्ये चालणाऱ्या काचेचा पसरट डबा, फॉइल आणि टोचून बघायचा स्वयंपाकाचा थर्मामीटर. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून पाहा. नागपुरात तो ९९च्या आसपास दाखवायला हवा. फार फरक दिसला तर त्याच्यावर विसंबू नका.

पाहुणे आठला येणार असतील तर सहाला ओटीजी १०० अंशांवर सुरू करा. पुष्कळशा ओटीजींचा खटका १००च्या खाली जातच नाही. तुमच्याकडे ९० ते ९५ची सोय असेल तर ती अधिक बरी. वीसेक मिनिटं रिकामा तापू द्या. भात साधारण सव्वासहाला गॅसवरून उतरेल असा बेत ठेवा. गोळे अख्खे राहतील अशा बेताने भात हलक्या हाताने डब्यात काढा, थर दोन-तीन इंचांपेक्षा जाड नको. वरून फॉइल घट्ट बसवा, नाहीतर वरची शितं वाळून कडक होतात. भात वाफाळता असतानाच, म्हणजे मधोमध ७५ अंशांच्या वर असताना, डबा ओव्हनमध्ये गेला पाहिजे. ओव्हनचं काम गरम ठेवणं एवढंच. गार भात आत ठेवला तर शंभर अंशांची कोरडी हवा तो मधोमध तापवायला तासापेक्षा जास्त घेते, आणि तेवढा वेळ तो कोमट राहतो.

कोमट भाताची भीती का, तर कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. ६० अंशांच्या खाली आल्यावर ते उगवतात आणि त्यातून जे विष तयार होतं ते पुन्हा उकळलं तरी जात नाही. भात आंबूस वास यायच्या कितीतरी आधी बिघडलेला असू शकतो, तेव्हा नाकावर विसंबायचं नाही.

तासाभराने, सव्वासातला, फॉइलचा एक कोपरा उचलून थर्मामीटर अगदी मध्यभागी टोचा. कडेचा भात डब्यामुळे गरमच लागतो, तो फसवतो. आकडा ६५च्या वर असेल तर निश्चिंत. ६० ते ६५ दिसला तर ओटीजी ११०वर न्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा. उगीच दार उघडत राहू नका.

घरच्या ओव्हनमध्ये दोन तास ही मर्यादा समजा. ६०च्या वर अन्न टिकून राहिलं तर त्यानंतरही ते एकदम धोकादायक होत नाही, केटरर चार तासांपर्यंत ठेवतातही. पण ते मधून मधून तापमान मोजत असतात, आणि आपला भात तोवर पार सुकलेला असतो. वरची तेलाची फोडणी मात्र वाढतानाच घाला.

रस्सा गॅसवर असला तरी मोजायला हवा. वर तर्रीचा थर असला की वाफ दिसत नाही, त्यामुळे पाहून काही कळत नाही. डावाने तळापासून ढवळा, मग मोजा. पाटवड्या रस्स्यात आधीच सोडल्या तर त्यांचा लगदा होतो. त्या झाकलेल्या ताटलीत भाताशेजारी ठेवा. कढी अशी ठेवायच्या भानगडीत पडू नका, ती फुटते.

मध्येच वीज गेली तर दार बंदच ठेवा. वीज अर्ध्या तासात आली तर मध्यभाग मोजा. ६०च्या वर असेल तर पुढे चालू. खाली गेला असेल तर गॅसवर पाण्याचा हबका मारून, झाकून, मधोमध ७५ अंश होईपर्यंत दणदणीत वाफ आणा आणि लगेच वाढा. मात्र तो ६०च्या खाली किती वेळ होता हे सांगता येत नसेल, किंवा दोन तासांपेक्षा जास्त असेल, तर टाकून द्या. मे महिन्यात, स्वयंपाकघरातच पारा ३२च्या वर असतो तेव्हा, ही सवलत एकाच तासाची.

सव्वाआठला दोन तास संपतात. पाहुणे अजून वाटेत असतील तर भात ओव्हनमध्येच रेंगाळत न ठेवता परातीत पातळ पसरून वाफ जाऊ द्या, उथळ डब्यांत भरून तासाभरात फ्रिजमध्ये टाका आणि पानं मांडल्यावर एकदाच, पुन्हा ७५पर्यंत, गरम करा. पंगतीत उरलेला गरम केलेला भात मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.