फेस्तानंतरची धडधड

गेल्या फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी बंधूची छाती एकाएकी धडधडू लागली. वय चाळीस, हृदयाचे दुखणे पूर्वी नाही, एरवी पिणाराही नव्हे. आदल्या रात्री मात्र पाहुण्यांबरोबर फेणीची अख्खी क्वार्टर संपली होती. आम्ही त्यांचे मनगट धरले. नाडी भरभर चालली होतीच, पण तिला ताल नव्हता. दोन ठोके जवळजवळ, मग खंड, पुन्हा घाई. ई.सी.जी.त दिसले की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत आहेत. संध्याकाळपर्यंत ताल ठिकाणावर आला.

अमेरिकेतील डॉ. फिलिप एटिंगर यांनी १९७८ साली या विकाराला ‘सुटीचे हृदय’ म्हटले, कारण असे रोगी सणासुटीनंतर येत. ताल बहुधा दिवसभरात सुधारतो. पण थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून नशा उतरण्याची वाट पाहू नये. नाडी बेताल लागली की डॉक्टर गाठावा. चक्कर, धाप वा छातीत कळ असल्यास तत्काळ इस्पितळ.

किती म्हणजे फार? फेणीच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. हे एक माप. क्वार्टरमध्ये अशी सहा. एका बैठकीत पुरुषाला पाच, स्त्रीला चार म्हणजे अतिपान. आठवडाभर राखून शनिवारी एकदम घेण्यात काही बचत नाही. आणि त्याहून कमीत धडधड होणारच नाही, असेही नव्हे.

रोजच्या पिण्याने रक्तदाब चढतो. भरपूर पिणाऱ्याने ते कमी केल्यास काही आठवड्यांत दाब उतरू लागतो. मात्र रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी बंद करू नये. झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना विचारावे.