इयत्ता नववी विज्ञान प्रकल्प : काळ्या शाईतले आणि हिरव्या पानातले रंग वेगळे करूया



मिश्रणाचे पृथक्करण या घटकावर क्रोमॅटोग्राफीचा प्रकल्प बरीच मुलं करतात. त्यात हमखास एक वही अशी सापडते, जिच्यात लिहिलेलं असतं, 'मार्करचा ठिपका हलला नाही, म्हणून ही शाई शुद्ध पदार्थ आहे.' प्रयोग नीट झालेला असतो, पण निष्कर्ष चुकतो. तो का चुकतो, हे मुलांना स्वतःच शोधू द्यायचं, असा हा पाठ आहे.

साहित्य : फिल्टर पेपर, दोन उंच काचेचे ग्लास, पेन्सिल, पट्टी, काळा स्केचपेन, काळा पर्मनंट मार्कर, पालकाचं ताजं पान, नाणं, पाणी आणि औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट.

भाग पहिला : शाई

फिल्टर पेपरच्या २ सेंमी रुंद, १२ सेंमी लांब पट्ट्या कापा. खालून २ सेंमीवर पेन्सिलने रेघ मारा. पेनने मारू नका, कारण पेनची शाईसुद्धा पाण्याबरोबर वर चढेल आणि गोंधळ होईल. एका पट्टीच्या रेघेवर स्केचपेनचा, दुसरीवर मार्करचा छोटासा ठिपका द्या. ग्लासात १ सेंमी पाणी घ्या आणि पट्ट्या उभ्या टांगा. ठिपका पाण्याच्या वरच राहिला पाहिजे. तो बुडाला तर रंग वर न चढता ग्लासातल्या पाण्यातच उतरतो. पाणी रंगीत दिसलं की समजायचं, पट्टी बदलायला हवी.

पाणी कागदाच्या तंतूंमधून वर चढतं. जो रंग पाण्यात जास्त रमतो तो पुढे जातो, जो कागदाला जास्त चिकटतो तो मागे राहतो. पाणी वरच्या टोकाजवळ आलं की पट्टी काढा आणि पाणी जिथपर्यंत पोहोचलं तिथे लगेच खूण करा. वाळल्यावर ती कड दिसत नाही.

समजा, पाणी रेघेपासून ८ सेंमी चढलं, निळा रंग ७.२ सेंमी आणि गुलाबी ५.६ सेंमी. रंगाने कापलेलं अंतर भागिले पाण्याने कापलेलं अंतर, म्हणजे आर.एफ. मूल्य. निळ्याचं ७.२ ÷ ८ = ०.९ आणि गुलाबीचं ५.६ ÷ ८ = ०.७. अंतर पट्ट्याच्या मधोमध मोजायचं. पेन बदललं की रंग आणि आकडे बदलतील. दोन पट्ट्यांची तुलना करताना कागद आणि द्रावक मात्र तेच हवेत.

आता मार्करची पट्टी बघा. ठिपका जागच्या जागी! मुलांना विचारा, "शाई शुद्ध आहे, की ती पाण्यात विरघळतच नाही?" उत्तर सांगू नका. तोच मार्कर नव्या पट्टीवर लावून पाण्याऐवजी स्पिरिटमध्ये टांगा. शाई हलते, आणि काही मार्करमध्ये वेगवेगळे रंगही दिसतात.

भाग दुसरा : पान

पानातली रंगद्रव्यंही पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून इथेही स्पिरिटच लागेल. पेन्सिलच्या रेघेवर पान ठेवा आणि नाण्याची कड दाबून फिरवा. वाळू द्या, पानाचा नवा भाग ठेवून पुन्हा फिरवा. असं आठ-दहा वेळा केलं की गडद हिरवी रेघ तयार होते. इथे घाई केली तर रेघ फिकी राहते आणि पिवळा पट्टा दिसतच नाही. स्पिरिट उडून जाऊ नये म्हणून ग्लासावर ताटली झाका. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको, आणि स्पिरिट मोठ्यांनीच ओतावं.

थोड्या वेळाने हिरव्याच्या पुढे पिवळा पट्टा दिसू लागतो. हा पिवळा रंग पानात आधीपासूनच होता, हिरव्याखाली झाकला गेला होता. पट्टी उजेडात ठेवली तर हरितद्रव्याचा रंग उडतो, म्हणून मोजमाप आणि फोटो त्याच दिवशी घ्या.

इथे शेवटचा प्रश्न विचारा : हिरवा पट्टा एकच दिसला, म्हणजे हरितद्रव्य एकच का? नाही. पालकात हरितद्रव्य 'ए' आणि 'बी' अशी दोन असतात. स्पिरिटमध्ये ती बहुधा एकमेकांना लागूनच राहतात. प्रयोगशाळेत नऊ भाग पेट्रोलियम ईथर आणि एक भाग अ‍ॅसिटोन घेतलं, तर सर्वांत वर कॅरोटीन, मग झँथोफिल, मग निळसर हिरवं 'ए' आणि खाली पिवळसर हिरवं 'बी' असे पट्टे मिळतात. हे मिश्रण चटकन पेट घेतं, म्हणून ते घरी करू नये.

मुलांनी वहीत निष्कर्ष असा लिहावा : 'एकापेक्षा जास्त रंग दिसले, तर ते मिश्रण आहे हे ठरलं. एकच दिसला, तर एवढंच म्हणता येईल की या द्रावकात ते वेगळे झाले नाहीत.' प्रकल्प तपासताना गुण या वाक्याला द्या. रंगीत पट्टी कुणाचीही छान येते.