पैसे कट झाले, चलान तसंच

लोक अदालतीचा मेसेज आला तेव्हा मी तो आधी खोटाच समजले. हल्ली चलानाच्या नावाखाली कोण काय पाठवेल सांगता येत नाही. त्यामुळे मेसेजमधल्या लिंकला हात न लावता mahatrafficechallan.gov.in स्वतः टाइप करून उघडलं. गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे भरले. पाहते तर नो पार्किंगचं पाचशेचं चलान खरंच थकीत. आणि ते मी कित्येक महिन्यांपूर्वी भरलं होतं.

माझ्या स्कूटरवर तेव्हा दोन चलानं होती, दोन्ही पाचशेचीच. एक नो पार्किंगचं, दुसरं सिग्नलचं. दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच पेमेंट ॲपमधून, एकापाठोपाठ एक यूपीआयने भरली. दोन्ही वेळा हिरवी बरोबरची खूण आली, दोन्ही वेळा बँकेचा मेसेज आला, स्क्रीनशॉट काढले आणि विषय संपला. आणखी काय करायचं असतं हो माणसाने?

वाहतूक शाखेत गेले. टेबलामागच्या हवालदारांनी माझ्या मोबाइलकडे न बघताच सांगितलं, "मॅडम, सिस्टीमला अनपेड दिसतंय. आत्ता भरून टाका, आधीचे पैसे रिफंड येतील." कुठून येतील, कोण देईल, किती दिवसांनी, काही नाही. मी हट्टाने बँकेचं स्टेटमेंट पुढे केलं. पाचशेच्या दोन नोंदी, दोन्ही त्याच तारखेच्या. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "यातले कुठले पाचशे कुठल्या चलानाचे?"

राग आला, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बँकेच्या कागदावर तारीख होती, रक्कम होती, बारा आकडी यूटीआर नंबर होता, पैसे घेणाऱ्याचं नाव होतं. चलान क्रमांक मात्र कुठेच नव्हता. वाहतूक शाखेच्या पडद्यावर चलान क्रमांक होता, पण तिथे माझ्या बँकेचा नंबर नव्हता. आणि ज्याच्या भरवशावर मी निर्धास्त होते त्या स्क्रीनशॉटवर फक्त 'पेमेंट सक्सेसफुल', पाचशे रुपये आणि उडणारे रंगीत कागद. असल्या स्क्रीनशॉटला तिथे काडीची किंमत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यामुळे पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दंड गाडीच्या नंबरावर भरला जात नाही, चलान क्रमांकावर भरला जातो. म्हणून पुरावाही तोच कामाचा, ज्यात चलान क्रमांक आणि यूटीआर एकाच कागदावर दिसतात. ॲपमध्ये ते पान असतं, पण यशाच्या पडद्यावर नाही. जुन्या व्यवहारांच्या यादीत जाऊन तो एक व्यवहार उघडायचा, तपशील पूर्ण खाली सरकवायचा. तिथे बिलाचा संदर्भ म्हणून चलान क्रमांक आणि त्याच्याच आसपास यूटीआर सापडतो. त्या पानाची पीडीएफ उतरवून घ्या. उतरवता येत नसेल तर दोन्ही नंबर एकाच फोटोत येतील असा स्क्रीनशॉट काढा. माझं नशीब की ते पान ॲपमध्ये अजून शाबूत होतं.

त्या पानावरून उलगडा झाला. सिग्नलचं चलान व्यवस्थित पोचलं होतं. नो पार्किंगचे पैसे माझ्या खात्यातून निघाले, ॲपच्या मधल्या कंपनीकडे पोचले आणि तिथून पुढे वाहतूक विभागाला कळलंच नाही. बँक म्हणते आम्ही दिले, ॲप म्हणतं व्यवहार यशस्वी, विभाग म्हणतो आम्हाला मिळाले नाहीत. तिघेही आपापल्या जागी खरे, आणि थकबाकीदार मी.

ॲपच्या ग्राहक सेवेबद्दल काय सांगू. तक्रार टाकली की उत्तर यायचं, 'आपली अडचण सोडवण्यात आली आहे', आणि तक्रार बंद. पुन्हा उघडली की म्हणायचे, संबंधित विभागाशी संपर्क साधा. विभाग म्हणायचा, ॲपवाल्यांना विचारा. शेवटी मी भाषाच बदलली. 'माझे पैसे अडकले' हे सांगणं सोडून दिलं आणि एकच प्रश्न लेखी विचारला: या यूटीआरचे पाचशे रुपये या चलान क्रमांकासाठी तुम्ही विभागाला कोणत्या तारखेला पोचवले, त्याचा संदर्भ क्रमांक द्या. याला 'सोडवण्यात आली आहे' असं उत्तर देता येत नाही. तो संदर्भ आला, तो विभागाकडे तक्रारीसोबत जोडला, आणि मग कुठे चलान पेड झालं.

यात एक पोटभेद आहे, तो आधी तपासा. काही वेळा पैसे कट होतात, पण समोरच्याला पुष्टी मिळाली नाही म्हणून ते आपोआप परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला केलेल्या अशा पेमेंटसाठी व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांची मुदत आहे, आणि त्यानंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई. पैसे परत आल्याचा मेसेज रोजच्या गर्दीत हरवतो आणि आपण चलान भरलं समजून बसतो. म्हणून भांडायला जाण्याआधी पैसे भरल्यानंतरच्या आठवड्याचं स्टेटमेंट नीट बघा. जमा बाजूला तीच रक्कम दिसली तर चलान खरंच बाकी आहे, गुपचूप भरा. दिसली नाही तर मात्र 'आत्ता भरून टाका' या सल्ल्याला बळी पडू नका. दोनदा भरलेले पैसे परत मिळवणं हे एकदा भरलेले सिद्ध करण्यापेक्षा अवघड आहे, आणि सल्ला देणारा तेव्हा टेबलाशी नसतो. लोक अदालतीची तारीख अंगावर आली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सगळे कागद घेऊन तिथे हजर राहणंच बरं.

बाकीचं तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगते. शक्यतो सरकारी साइटवरूनच भरा, पत्त्याच्या शेवटी gov.in आहे ना ते बघा, मेसेजमधून आलेली एपीके फाइल उघडू नका, आरटीओकडे मोबाइल नंबर चालू असलेलाच ठेवा. परराज्यात गाडी नेली असेल तर तिकडचं चलान आपल्या राज्याच्या साइटवर सापडेल या भरवशावर राहू नका, echallan.parivahan.gov.in वरही बघा.

आता मी भरल्यावर आठवडाभराने पुन्हा साइट उघडते. चलान पेडमध्ये गेलेलं दिसलं की सरकारी पावती उतरवते, तिच्यावरचा चलान क्रमांक एकेक आकडा जुळवते आणि ती स्वतःलाच ईमेल करते. मोबाइलच्या गॅलरीवर विश्वास नाही, कारण फोन बदलला की पहिला बळी स्क्रीनशॉटचा. गाडी विकेपर्यंत पावती ठेवायची आणि विकताना तिची एक प्रत घेणाऱ्याला द्यायची, म्हणजे मागाहून फोन येत नाहीत.

त्या नो पार्किंगच्या चलानाची पावतीही अखेर मिळाली. पण तिच्यावर भरण्याची तारीख मी पैसे भरले ती नाही, त्यांनी नोंद दुरुस्त केली ती आहे. म्हणजे कागदोपत्री मी अजूनही लोक अदालतीचा मेसेज आल्यावर दंड भरणारी बाई. म्हणून त्या पावतीला ॲपच्या तपशिलाचं पान आणि बँकेचं स्टेटमेंट टाचून ठेवलंय. तारीख बदलून मिळेल का, असं विचारलं तर समोरून उत्तर आलं, "पेड झालंय ना मॅडम, मग आता काय?"