संत्रं पिवळं झालं म्हणजे पिकलं असं नाही

काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या सराव पेपरातला तो प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे. ‘खालीलपैकी क्लायमॅक्टेरिक फळ ओळखा : द्राक्ष, डाळिंब, संत्रा, यांपैकी नाही.’ मी चौथा पर्याय लिहिला. क्लासच्या उत्तरतालिकेत होतं संत्रा. मी उठून विचारलं, तर सर म्हणाले, “हिरवं संत्रं इथिलीनच्या खोलीत ठेवलं की पिवळं होतं ना? मग ते पिकलंच. तुला जास्त कळत असेल तर तूच पुस्तक लिही.” सगळा वर्ग हसला. शहरातल्या त्या क्लासची फी घरच्यांनी हळद विकून भरली होती, म्हणून मी खाली बसलो.

आमचा कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावर, मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवर. अर्धापूरकडची केळी आणि विदर्भातली संत्री अशी दोन्ही फळं इकडे लहानपणापासून पाहिलेली. सरांची चूक कुठे होती ते या दोन फळांवरूनच सांगतो, कारण तीच चूक अजून अनेकांच्या वह्यांमध्ये आहे.

हिरव्या पण पक्व केळीला १०० पीपीएम इथिलीन, १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान आणि नव्वद टक्क्यांवर आर्द्रता, असं साधारण एक दिवस दिलं की फळ स्वतःच इथिलीन बनवू लागतं. त्यानंतर बाहेरचा वायू काढून घेतला तरी काम थांबत नाही. श्वसन एकदम वाढतं, शिखर गाठतं आणि उतरतं. गरातल्या स्टार्चची साखर होते. किड आणि वेस्ट यांनी १९२० च्या दशकात सफरचंदात श्वसनाची हीच चढण पाहिली आणि तिला क्लायमॅक्टेरिक म्हटलं.

आता संत्रं घ्या. आंबिया बहराची फळं आतून तयार असली तरी बाहेरून हिरवट राहतात. त्यांना फार कमी, साधारण १ ते १० पीपीएम इथिलीन देतात. सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि खालचा पिवळा-नारिंगी रंग उघडा पडतो. याला डिग्रीनिंग म्हणतात. आत मात्र साखर करायला स्टार्चचा साठाच नसतो. झाडावरून उतरवताना जी गोडी होती, जवळपास तीच राहते. म्हणून आंबट संत्रं तोडलं तर ते पिवळं होऊनही आंबटच राहणार.

खरा फसवा प्रश्न यापुढचा आहे. इथिलीन दिल्यावर संत्र्याचंही श्वसन वाढतं, आणि ‘श्वसन वाढलं म्हणजे क्लायमॅक्टेरिक’ असं मुलं लिहून मोकळी होतात. फरक आलेखात दिसतो. संत्र्यात वायू जितका जास्त तितकी वाढ जास्त, वायू काढला की श्वसन खाली, आणि पुन्हा दिला की पुन्हा वर. केळीत वायूच्या प्रमाणाने शिखराची उंची फारशी बदलत नाही, ते फक्त लवकर येतं. आणि एकदा सुरू झालं की मागे फिरत नाही. आलेख दिला असेल तर आधी हेच बघा.

रंग केळीतही फसवतो. पिकताना उष्णता २४ अंशांच्या पुढे गेली तर कॅव्हेंडिश जातीची केळी आतून मऊ होतात आणि साल हिरवीच राहते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे कुणालाही दिसेल. सरांनी एकदा बाजारात जाऊन फळ सोलून पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

साठवणुकीबद्दलही त्यांच्या नोट्समध्ये एक सरसकट वाक्य होतं : क्लायमॅक्टेरिक फळांना थंडी बाधते, इतरांना नाही. हे पूर्ण चूक आहे. केळी १३ अंशांखाली काळवंडतात, पण सफरचंद क्लायमॅक्टेरिक असूनही शून्याच्या आसपास टिकतं. द्राक्षही शून्याजवळ ठेवतात. अननस मात्र द्राक्षाच्याच गटातला असून त्याला इतकी थंडी सोसत नाही. गट आणि थंडी सोसण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या फळागणिक पाठ कराव्या लागतात.

प्रत्यक्ष परीक्षेत याच मुद्द्यावर प्रश्न आला. माझ्या बाकावरच्या दोघांनी नोट्सप्रमाणे संत्रा लिहिलं आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये गुण गमावले. अधिकृत उत्तरतालिका आल्यावर मी क्लासची जुनी पीडीएफ पुन्हा उघडली, तर तिथे उत्तर गुपचूप बदललेलं. चूक झाली असा एक शब्दही नाही, आणि सर वर्गात तसेच ताठ मानेने शिकवत होते. चुकीच्या उत्तरापेक्षा मला हे जास्त लागलं.

तेव्हा नोट्स वाचा, उजळणी करा, ते सगळं ठीकच. पण खरबुजासारखी फळं, ज्यांच्या काही जाती एका गटात आणि काही दुसऱ्या गटात मोडतात, ती क्लासच्या तक्त्यावरून पाठ करू नका. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातल्या पुस्तकात पाहा आणि त्या पानाचा फोटो जवळ ठेवा. उत्तरतालिकेवर आक्षेप घेताना तोच पुरावा लागतो, आणि आक्षेपाची मुदत संपली की तुमचं बरोबर उत्तरही कुणी विचारात घेत नाही.