परिच्छेदाचा शाखाचित्र-आराखडा आणि हरवलेले दुवे

वरच्या प्राथमिक वर्गांत दीर्घ परिच्छेदाचा सारांश काढण्याऐवजी त्याचा शाखाचित्र-आराखडा, म्हणजेच माइंड मॅप, काढून घेण्याचा पाठ अलीकडे घेतला जातो. मध्यभागी विषय लिहावयाचा, त्याभोवती मुख्य शाखा काढावयाच्या व प्रत्येक शाखेस तपशिलाच्या डहाळ्या जोडावयाच्या, इतके विद्यार्थ्यांस लवकर साधते. अवघड भाग पुढेच आहे. आराखड्यात माहिती सर्व उतरते, परंतु एका माहितीचा दुसरीशी असलेला संबंध पुष्कळदा उतरत नाही. तो गळला आहे किंवा नाही हे कसे ओळखावे, याचे एक उदाहरण येथे घेतले आहे. इयत्ता सातवीस देता येईल असा हा परिच्छेद पाहावा :

‘नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात व सह्याद्रीस अडून वर चढतात. वर चढणारी हवा थंड होते. तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात आणि महाबळेश्वरास वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस उतरताना हीच हवा उबदार व कोरडी होते. म्हणून सांगलीस त्या मानाने फारच थोडा पाऊस मिळतो. तरीही सांगलीस पूर येतो. ऑगस्ट 2019 मध्ये तर शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. कारण कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि कराड येथे तिला मिळणारी कोयनाही त्याच डोंगरांतील पाणी आणते.’

विद्यार्थी बहुधा मध्यभागी ‘कृष्णाकाठचा पाऊस व पूर’ असे लिहितो आणि वारे, महाबळेश्वर, सांगली व नद्या अशा चार शाखा काढतो. ‘सांगली’ या शाखेस ‘पाऊस थोडा’ आणि ‘पूर, 2019’ अशा दोन डहाळ्या शेजारी शेजारी येतात. चित्र नीटनेटके दिसते आणि त्यात चुकीचे असे काहीच नसते. तथापि ‘सांगलीस पूर का येतो?’ असे विचारताच त्याच आराखड्याकडे पाहून ‘पाऊस फार पडतो म्हणून’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो, आणि ते परिच्छेदाच्या नेमके उलट आहे. ‘तरीही’ व ‘कारण’ हे दोन शब्द कागदावर आले नाहीत, एवढ्यानेच हे घडते.

म्हणून पहिली तपासणी मूळ परिच्छेदावर करावी. त्यातील संबंधदर्शक शब्दांखाली रेघ ओढावी व त्या प्रत्येकासाठी आराखड्यात एखादी रेषा आहे काय ते पाहावे. ‘आणि’, ‘व’ हे शब्द बहुधा नुसती जोडणी करतात. त्यांस डहाळीच पुरते. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘कारण’ यांस मात्र बाण हवा आणि त्या बाणावर तो शब्द लिहिलेला हवा. वरील परिच्छेदात ‘कारण’चा बाण ‘नद्या’ या शाखेकडून ‘पूर’ या डहाळीकडे जातो व ‘नद्या’ला ‘महाबळेश्वर’शी जोडणारा आणखी एक बाण लागतो. म्हणजे हा दुवा एका शाखेत मावतच नाही, तो तीन शाखांतून फिरतो. विद्यार्थी शाखेमागून शाखा भरीत जातो, त्यामुळे असाच दुवा प्रथम गळतो.

तथापि रेघा ओढून सर्व दुवे सापडत नाहीत. ‘वर चढणारी हवा थंड होते’ आणि ‘तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात’ या दोन वाक्यांत एकही संबंधदर्शक शब्द नाही. परंतु पहिले दुसऱ्याचे कारण आहे. असे मुके दुवे मराठी गद्यात विपुल असतात. याउलट ‘बाष्पाचे थेंब बनतात आणि पाऊस पडतो’ यातील ‘आणि’ प्रत्यक्षात ‘त्यामुळे’चे काम करतो. तेव्हा शब्द पाहून न थांबता दोन वाक्यांमध्ये ‘त्यामुळे’ घालून ती मोठ्याने वाचावीत. अर्थ तोच राहिला, तर तेथे कारणाचा दुवा आहे असे समजावे.

दुसरी तपासणी उलट दिशेने होते. पुस्तक मिटवून आराखडा शेजारच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि त्यावरून परिच्छेद तोंडी सांगावयास लावावा. ज्याने मूळ परिच्छेद वाचलेला नाही असा विद्यार्थी निवडणे अगत्याचे आहे. वाचलेला विद्यार्थी गळलेला दुवा स्मरणातून भरून काढतो आणि तपासणी व्यर्थ जाते. ऐकताना तो ‘आणि मग’, ‘आणखी’ असे कोठे म्हणतो तिकडे लक्ष द्यावे. मूळ परिच्छेदात त्या जागी ‘तरीही’ असेल, तर तेथे बाण राहिला आहे.

मात्र सापडलेला प्रत्येक दुवा बाणाने दाखविण्याचा हट्ट नसावा. सर्वत्र बाण झाले की आराखड्याचे जाळे होते आणि त्यावरून कोणासच काही सांगता येत नाही. एकाच शाखेतील क्रम डहाळ्यांच्या मांडणीनेच कळतो. ‘हवा थंड’ या डहाळीच्या टोकास ‘थेंब’ व त्यापुढे ‘पाऊस’ लिहिले म्हणजे पुरे. बाण राखून ठेवावेत ते एका शाखेतून दुसरीत जाणाऱ्या दुव्यांसाठी. वरील परिच्छेदास असे तीन-चार बाण लागतात.