गटांचा वृक्ष कसा वाचावा?

लोहमार्गाने अमरावती ते बडनेरा सुमारे १० किलोमीटर, अकोला ते मूर्तिजापूर ३७ आणि मूर्तिजापूर ते बडनेरा ४२. या चार गावांचे गट पाडू.

सर्वांत जवळची जोडी आधी जोडा: अमरावती-बडनेरा, १० उंचीवर आडवी रेघ. मग अकोला-मूर्तिजापूर, ३७ वर. दोन गटांतील जवळच्या गावांचे अंतर हेच त्या गटांचे अंतर मानले, तर शेवटचा सांधा ४२ वर येतो.

आता वृक्ष वाचा. फांद्या उलटसुलट करता येतात, म्हणून खाली कोणते नाव कोणाशेजारी आहे ते पाहू नका. सांध्याची उंची पाहा. १० आणि ३७ यांत मोठी दरी आहे, म्हणून अमरावती-बडनेरा जोडी पक्की. ३७ आणि ४२ जवळजवळ आहेत. म्हणून मूर्तिजापूर अकोल्याच्या गटात पडले, ते थोडक्यातच!