सहाजणांचे भोजन

भिलाईसारख्या पोलाद-नगरीत मनुष्याची ओळख बहुधा त्याच्या हुद्द्यावरून होते. 1959 साली येथील पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे येऊन स्थायिक झाली. जुनवानीसारख्या परिसरात आज अभियंता, अध्यापक, डॉक्टर आणि वकील एकमेकांच्या शेजारी राहतात. परंतु त्यांचे बोलणे पुष्कळदा नमस्कारापुढे जात नाही. अशा सहाजणांना एका रात्री जेवावयास एकत्र आणावयाचे असेल, तर काय करावे, याचा येथे विचार करू.

प्रथम संख्येचा प्रश्न. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1798 साली प्रसिद्ध केलेल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात म्हटले आहे की, भोजनास बसणाऱ्यांची संख्या तिनाहून कमी व नवाहून अधिक नसावी. पुढे 1995 साली डन्बार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुक्तपणे जमलेल्या मंडळींचे निरीक्षण केले, तेव्हा असे आढळले की, एका संभाषणात सामान्यतः चारच माणसे टिकतात. त्याहून अधिक झाली की संभाषण दुभंगते. म्हणजे सहाजण बसले की तीन-तीन किंवा चार-दोन असे गट पडणे हे स्वाभाविकच होय. ते सांधणे हेच यजमानाचे खरे काम.

दुसरा प्रश्न निवडीचा. यजमान स्वतः वकील आहे असे समजू. त्याने एक भट्टीवरील अभियंता, एक डॉक्टर, एक भातगिरणीचा मालक, एक वास्तुविशारद बाई आणि महाविद्यालयातील एक अध्यापिका अशा पाचजणांना बोलावले. येथे एक नियम कटाक्षाने पाळावा: एकाच खात्यातील वरिष्ठ व कनिष्ठ यांना एकत्र बोलावू नये. साहेब समोर असता हाताखालचा मनुष्य मोकळेपणाने बोलत नाही. तसेच प्रत्येकाला निदान एक तरी पाहुणा अपरिचित असावा. मात्र कोणीही सर्वांनाच अपरिचित असू नये. भाषेचाही विचार करावा लागतो. दोघेच मराठी बोलणारे असतील, तर नकळत मराठीत शिरून ते इतरांना बाहेर ठेवतात. अशा वेळी यजमानाने स्वतः सर्वांना समजणाऱ्या हिंदीत बोलावे. निमंत्रणापूर्वी अभियंत्याची पाळीही विचारून घ्यावी.

बैठकीविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपली पंगत समतेला चांगली, पण संभाषणाला वाईट. कारण ओळीत बसलेला मनुष्य डाव्या-उजव्या शेजाऱ्याशीच बोलू शकतो. म्हणून गोल बसावे. सुमारे चार फूट व्यासाचे मेज सहाजणांना पुरते. मेज नसेल तर जमिनीवर कोंडाळे करून पाटांवर बसावे. आधीच ओळख असलेल्या दोघांना लगत बसवू नये. गरम फुलके एकेक करून वाढण्याचा हट्टही सोडावा, कारण त्यात वाढणारे माणूस सतत स्वयंपाकघरात राहते. पदार्थ मध्येच ठेवावेत.

ओळख करून देताना हुद्दा थोडक्यात सांगून एक धागा द्यावा: "यांच्या गिरणीत भात कसे वाळवतात, ते पाहण्यासारखे आहे." त्यानंतर, सर्वजण जेवावयास बसल्यावर, प्रत्येकाला स्वतःच्या कामातून उत्तर देता येईल असा एकच प्रश्न सर्वांपुढे ठेवावा. उदाहरणार्थ, "उन्हाळ्याने आपल्या कामात काय बदलते?" अभियंता भट्टीजवळच्या कामगारांविषयी सांगेल, डॉक्टर उष्माघाताविषयी बोलतील, गिरणीमालक म्हणेल की, भात कडक उन्हात घाईने वाळले तर दाण्याला चिरा पडतात आणि तांदळाची कणी अधिक होते. वास्तुविशारद बाई पश्चिमेच्या भिंतीचा विषय काढतील, तेव्हा अध्यापिका आपल्या वर्गाच्या खोलीची तक्रार सांगतील. आता बोलणे यजमानाकडून न जाता परस्परांत फिरू लागेल. कांटनेही असाच क्रम सांगितला आहे: आधी वृत्तान्त, मग विचार, शेवटी विनोद. वाद प्रारंभीच निघाला तर "आपल्या पाहण्यात काय आले?" असे विचारून त्याला पुन्हा वृत्तान्तावर आणावे.

बिघाड कसा ओळखावा? दोन ठिकाणी निरनिराळे हसू उमटते, किंवा एखादा दोन्हीकडे नुसती मान डोलावीत राहतो. वाढताना असे क्षणभर झाले तर हरकत नाही. परंतु ते दहा मिनिटे चालले तर एका गटातील गोष्ट दुसऱ्या गटातील माणसाला विचारावी. गप्प बसलेल्याला "आपले मत काय?" असे विचारले की तो अधिकच संकोचतो. त्यालाच ठाऊक असेल अशी वस्तुस्थिती विचारावी. फार बोलणाऱ्याला थांबवू नये. त्याच्याच वाक्याचा दुवा धरून दुसऱ्याकडे वळावे.

एका रात्रीत मैत्री होत नाही, एवढी मर्यादा मान्य करावी. परीक्षा पुढे होते. महिन्याभरात वास्तुविशारद बाई अध्यापिकेची वर्गखोली पाहावयास गेल्या आणि यजमानाला ते मागाहून कळले, तर ते भोजन साधले असे समजावे.